मिठी सुटायला वेळ का लागला?

पुण्यात पुरुषोत्तम करंडकाचे दिवस आले की कॉलेजांमधल्या एकांकिकांच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. तालीम साडेनऊला संपली तरी ग्रुप जागचा हलतो सव्वादहाला. चपला शोधायच्या, छत्र्या झटकायच्या, उद्या प्रॉपर्टी कोण आणणार यावरून शेवटचं एकदा भांडायचं आणि मग निरोपाच्या मिठ्या. बारा जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकानं प्रत्येकाला एकदाच मिठी मारली तरी त्या सहासष्ट होतात. इतक्या मिठ्यांमध्ये कुणाला काही विशेष वाटायचं कारण नसतं. "चल, भेटू" म्हणायची ती एक रीत झालेली असते. तरीही त्या सहासष्टांतली एखादी जरा रेंगाळते, खांद्यावरचा हात निघायला उशीर करतो आणि घरी गेल्यावर एकाला किंवा एकीला झोप लागत नाही. हे नुसतं मायेचं होतं की आणखी काही?

या प्रश्नाचं उत्तर घरात विचारायची सोय नसते. आपल्याकडे स्पर्श कमी होता असं नाही. खांद्यावर हात टाकून किंवा करंगळीत करंगळी अडकवून रस्त्यानं चालणारे मित्र आजही कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसतात, मैत्रिणी एकमेकींच्या मांडीवर डोकं ठेवून तासन्‌तास बोलत, आजी कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढायची. पण मुलगा आणि मुलगी यांच्यात, नात्यात नसताना, गर्दीसमोर रोज मिठी, ही रीत मराठी घरांमध्ये एका पिढीच्या आतली आहे. त्यामुळे कुठवर मैत्री आणि कुठून पुढे वेगळं, याचा अनुभव मोठ्यांकडून खाली आलेला नाही. जो तो आपल्या अंदाजानं चालतो आणि अंदाज बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर बांधला जातो: मिठी किती वेळ टिकली.

वेळ मोजता येते हे खरं. एमेसे नागी या संशोधिकेनं 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या चित्रफिती पाहून 188 मिठ्या मोजल्या. खेळाडूंनी प्रशिक्षकांना, सहकाऱ्यांना, प्रतिस्पर्ध्यांना मारलेल्या. त्यांची सरासरी निघाली साधारण तीन सेकंद. प्रशिक्षकाबरोबरची मिठी प्रतिस्पर्ध्याबरोबरच्या मिठीपेक्षा लांब होती, म्हणजे जवळीक आणि वेळ यांचा संबंध आहेच. पण मग लगेच "माझी तर सहा सेकंदांची होती" असा हिशोब मांडायला बसू नये. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातल्या संशोधकांनी 2021 मध्ये लोकांना एक, पाच आणि दहा सेकंदांच्या मिठ्या देऊन कशा वाटल्या ते विचारलं. एका सेकंदाची मिठी लोकांना सर्वांत कमी आवडली. पाच आणि दहा सेकंदांच्या बऱ्या वाटल्या. तिथं कुणाचं कुणावर प्रेम नव्हतं, प्रयोग चालू होता. जरा लांबलेली मिठी अंगाला बरी वाटते, एवढंच त्यावरून समजतं. बरं वाटलं म्हणून कुणी ती लांबवली, तर त्यात दुसरा हेतू असेलच असं नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका ग्रुपमध्ये एक मुलगी आहे, तिला रेवा म्हणू. एकांकिकेत तिची मुख्य भूमिका आहे. प्रकाशयोजना करणारा मुलगा आहे, त्याला निहार म्हणू. दोघं काल्पनिक आहेत, पण अशी जोडी बहुतेक ग्रुपमध्ये सापडेल. रेवाच्या लक्षात आलंय की निहारची निरोपाची मिठी सुटायला वेळ लागतो, आणि सुटल्यावरही त्याचा हात तिच्या खांद्यावर राहतो, ती बोलत असेपर्यंत. तिला ते आवडतं. तिला निहारही आवडतो. खरी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

कारण ज्या कातडीच्या साक्षीवर रेवा विसंबून आहे ती साक्ष निर्मळ नाही. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे पाठ, दंड, मनगटाच्या वरचा हात अशा ठिकाणी, फार सावकाश संदेश नेणारे काही मज्जातंतू असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या गतीनं हात फिरला की ते सर्वांत जास्त जागे होतात. ही गती कुणालाही न शिकवता येते. तान्ह्या बाळाच्या पाठीवरून आई याच गतीनं हात फिरवते, आणि प्रियकरही. म्हणजे माया आणि ओढ या दोन्ही एकाच वाटेनं आत शिरतात, आणि त्या वाटेवर कुणी पाटी धरून उभा नसतो.

पुढचा प्रयोग तर फारच बोलका आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्त्रियांबद्दल आकर्षण असणाऱ्या पुरुषांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि त्यांच्या पायावरून हात फिरवला. एकदा त्यांना पडद्यावर देखणी स्त्री जवळ येताना दिसे, एकदा पुरुष. स्त्रीचा हात म्हटल्यावर स्पर्श सुखाचा वाटे, पुरुषाचा म्हटल्यावर नकोसा. प्रत्यक्षात दोन्ही वेळा हात एकाच स्त्रीचा होता आणि आता पडद्यावर काय चाललंय हे तिला माहीत नव्हतं. हा फरक त्या पुरुषांनी नंतर विचार करून सांगितलेला नव्हता. स्पर्शाची अगदी पहिली नोंद घेणाऱ्या मेंदूच्या भागातच तो उमटला होता. कोण शिवतंय याबद्दलची आपली समजूत, आणि आपली इच्छासुद्धा, स्पर्शाच्या आतच मिसळलेली असते. तेव्हा "मला जाणवलं" हा रेवाचा पुरावा तिच्या स्वतःच्या मनाबद्दल पुष्कळ सांगतो, निहारच्या मनाबद्दल फारच थोडं.

निहारबद्दल काही कळायचं असेल तर मिठीच्या बाहेर उभं राहून बघावं लागतं. पहिली गोष्ट म्हणजे तो इतरांना कशी मिठी मारतो. यात लाजण्यासारखं काही नाही. रोज दहा मिठ्या डोळ्यांसमोर घडतात, त्या नुसत्या बघायच्या. समजा रेवानं आठवडाभर बघितलं. निहार दिग्दर्शकाला मिठी मारतो तेव्हा पाठीवर दोन-तीन थापा पडतात आणि तो बाजूला होतो. नेपथ्य सांभाळणाऱ्या मुलीलाही तसंच. मिठीतली थाप बहुतेक वेळा "झालं हं" अशी खूण असते, तिच्यामागून हात सुटतो. आणि ढोल बडवल्यासारखी थाप मारणाऱ्याच्या मनात गुपित फार क्वचित असतं. रेवाच्या पाठीवर मात्र निहारची थाप पडत नाही, हात स्थिर राहतो. हा फरक मोलाचा आहे. याउलट तो सगळ्यांच्याच गळ्यात तितकाच वेळ पडत असता, बोलताना ज्याच्या-त्याच्या खांद्यावर त्याचा हात असता, तर रेवानं प्रकरण तिथंच मिटवायला हरकत नव्हती. काही माणसं मुळातच अंगाला लागून बोलणारी असतात. लातूरहून किंवा रत्नागिरीहून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला दिवसभरात दुसऱ्या माणसाचा स्पर्श फक्त या निरोपाच्या वेळी मिळत असेल, हेही शक्य आहे. तो रेंगाळतो ते घराच्या आठवणीनं.

दुसरी गोष्ट प्रसंगाची. प्राथमिक फेरीतला प्रयोग रंगला, "अरे आव्वाज कुणाचा" झालं, त्यानंतर विंगेत मारलेल्या मिठ्या हिशोबात धरायच्या नाहीत. त्या वेळी माणूस खांबालाही मिठी मारेल. रेवाची आजी रुग्णालयात असताना निहारनं तिला बराच वेळ धरून ठेवलं असेल, तर तेही बाजूला ठेवायचं. सांत्वनाची मिठी लांबच असते. शेवटचा निकाल हुकल्यावरची, कुणी परदेशी शिकायला निघताना विमानतळावरची, वाढदिवसाच्या रात्री बाराची, या सगळ्या वगळायच्या. पाहायचं ते काहीच घडलेलं नसलेल्या मंगळवारी काय होतं ते. कारण नसताना जे पुन:पुन्हा होतं त्यालाच थोडं वजन द्यावं.

तिसरी गोष्ट सहसा कुणी धरत नाही. मिठीची लांबी एकटा माणूस ठरवत नाही. दोघांनी हात सोडेपर्यंत ती चालू असते आणि सभ्य माणूस समोरच्यानं सोडायची वाट बघतो. रेवाला निहार आवडतो. मग तीच अर्धा क्षण जास्त थांबत असेल, निहार सौजन्यानं थांबत असेल, आणि ती त्याचं थांबणं त्याच्या नावावर लिहीत असेल. हे तपासायची एक साधी रीत आहे: दोन-तीन दिवस आपण आधी सोडून बघायचं. सहज, चेहरा न पाडता. निहारचे हात लगेच सुटले आणि तो तसाच हसत बोलत राहिला, तर लांबीत तिचा वाटा मोठा होता. तो क्षणभर अडखळला, हात हलकेच खांद्यावर परत आला, दुसऱ्या दिवशी तोच पुढे आला, तर वाटा त्याचा. हा काही परीक्षा घेण्याचा खेळ नव्हे, महिनाभर चालवला तर तो छळ होईल. पण स्वतःचा हात काट्यावरून काढल्याशिवाय वजन कळत नाही.

याच वेळी आणखी एक दिसून येतं. आधी सोडल्यावर निहारला ते कळतं का? समोरच्याचं अंग आखडलं, पाऊल मागे गेलं, तोंड बाजूला वळलं, की ज्याला दुसऱ्याची कदर आहे तो तत्काळ सैल होतो. जो सैल होत नाही, धरूनच ठेवतो, त्याच्या स्पर्शाचा अर्थ शोधत बसायचं कारण उरत नाही. तिथं त्याच्या मनात काय आहे हा प्रश्न दुय्यम आहे. आपल्याला नको आहे, एवढं पुरे. "अरे, मला मिठ्या फार जमत नाहीत, टाळी दे," असं म्हणून हात पुढे करावा, आणि तेही ऐकलं नाही तर ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाच्या कानावर स्पष्ट शब्दांत घालावं. "आमच्याकडे सगळेच मिठ्या मारतात" ही ग्रुपची रीत कुणाचा होकार ठरत नाही. ही रीत मोकळी वाटते खरी, पण ज्याला नको आहे त्याच्यासाठी तिच्यात नाही म्हणायची जागाच कुणी ठेवलेली नसते, हे माझं या मिठ्यांबद्दलचं मुख्य गाऱ्हाणं आहे.

रेवाकडे परत येऊ. समजा वरच्या सगळ्या गोष्टी तिच्या बाजूच्या निघाल्या. निहार तिच्यापुरता वेगळा वागतो, मंगळवारीही वागतो आणि ती आधी सुटली तरी त्याचा हात परत येतो. तरी अजून एक पारडं पाहायचं राहतं, ते म्हणजे स्पर्शाशिवायचं वागणं. मिठी ग्रुपमध्ये फुकट मिळते, तिला धाडस लागत नाही. म्हणूनच मनात काही असलेला माणूस तिच्या आड लपू शकतो आणि मनात काही नसलेलाही तिच्यात तसाच दिसतो. ज्या गोष्टी फुकट नसतात त्यांच्याकडे बघावं. त्याची खोली कर्वेनगरला आहे आणि तिचा बसथांबा डेक्कनला, तरी तो पावसात तिच्याबरोबर थांब्यापर्यंत चालत येतो का? तिनं तीन आठवड्यांपूर्वी बोलता बोलता सांगितलेली भावाच्या परीक्षेची तारीख त्याच्या लक्षात आहे का? तालमीबाहेर, ग्रुपबाहेर, दोघांनीच भेटायचं तो सुचवतो का? तालमीत बारा जण असताना मोकळा असलेला हात दोघंच असताना उलट आखडतो का? हा शेवटचा प्रश्न गमतीचा आहे. स्पर्शाला अर्थ चढला की पुष्कळ लोक एकांतात जास्त सावध होतात, कारण तिथं ग्रुपच्या रीतीचं पांघरूण नसतं. निहार सगळ्यांसमोर मिठी मारतो आणि थांब्यावर दोघंच असताना मात्र छत्री दोघांमध्ये धरून हातभर लांब उभा राहतो, हे मला दहा लांब मिठ्यांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

आणि या सगळ्यातून काही निष्पन्न झालंच नाही तर? तेही अगदी संभवनीय आहे. मिठ्यांतूनच बाहेर पडून नुसतं बोलणं, हसणं, बघणं यावरून तरी माणसं एकमेकांचा हेतू कितपत ओळखतात, याचा एक अभ्यास जेफ्री हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केला. अनोळखी मुलगा-मुलगी अशा बावन्न जोड्यांना दहा-बारा मिनिटं बोलायला बसवलं. नंतर प्रत्येकाला वेगळं विचारलं: तू लाडीगोडी करत होतास का, आणि समोरचा करत होता का? समोरचा काही करत नव्हता हे ओळखायला लोकांना फारसं जड गेलं नाही, ऐंशी टक्क्यांहून जास्त वेळा ते बरोबर निघाले. पण समोरचा खरोखर करत होता तेव्हा ते पुरुषांपैकी 36 टक्क्यांनी आणि स्त्रियांपैकी 18 टक्क्यांनीच ओळखलं. म्हणजे बाकीच्यांच्या नाकासमोरून ते निघून गेलं. दुसऱ्या बाजूला अँटोनिया ॲबी यांचा 1982 चा गाजलेला अभ्यास आहे. त्यात स्त्रीच्या साध्या मैत्रीपूर्ण वागण्यात पुरुष, ती बघणाऱ्या स्त्रियांपेक्षा, जास्त आकर्षण वाचतात असं दिसलं. हे दोन्ही अभ्यास अमेरिकन विद्यार्थ्यांवरचे, अनोळखी माणसांमधले आणि स्त्री-पुरुष जोड्यांपुरते. आपल्या ग्रुपमधली रेवा कदाचित नेपथ्यवाल्या मुलीच्या मिठीचा विचार करत असेल, आणि तिथं तर "मैत्रिणीच त्या" असं सगळे गृहीत धरत असल्यानं अंदाज आणखी अवघड. पण एवढं मात्र कळतं की चूक दोन्हीकडून होते. नसलेलं दिसतं आणि असलेलं सुटतं. निरखून निरखून शंभर टक्के खात्री होईल तेव्हाच बोलू, असं ठरवलेला माणूस एकांकिकेतून पदवीपर्यंत आणि पदवीतून दुसऱ्या शहरातल्या नोकरीपर्यंत निरखतच राहतो.

शेवटी विचारावं लागतं. विचारण्यात लोक दोन चुका करतात. एक म्हणजे चिठ्ठी मित्राच्या हाती देतात: "जरा निहारला विचार ना, त्याच्या मनात काय आहे." बारा जणांच्या ग्रुपमध्ये ही बातमी रात्रीत अकरा जणांना कळते, आणि मग निहारला उत्तर रेवाला नव्हे, अख्ख्या ग्रुपला द्यावं लागतं. दुसरी चूक म्हणजे प्रश्न आरोपासारखा टाकणं. "तू मला अशी मिठी का मारतोस?" याला घाबरलेला माणूस "कशी? मी तर सगळ्यांना मारतो," एवढंच म्हणेल, मग खरं काहीही असो. आपला पत्ता आधी टाकला तर समोरच्याला खरं बोलायला सोपं जातं. थांब्यावर, बस दिसायच्या आधी, साध्या आवाजात: "निहार, एक विचारू? तू मला मिठी मारतोस ती मला बाकीच्यांपेक्षा वेगळी वाटते. मला ती आवडते. तुझ्या बाजूनं काही आहे, की मीच जास्त विचार करतेय? काही नसेल तरी आपलं बिघडणार नाही." मात्र हे शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणावं.

उत्तर हो आलं तर पुढचं त्यांचं त्यांना सुचेल. नाही आलं, तर दुसऱ्या दिवशीच्या निरोपाचं काय करायचं हे दोघांनी तिथंच बोलून टाकलेलं बरं. मिठी अजिबात बंद केली तर बाकीचे दहा जण विचारतील, आणि तशीच चालू ठेवली तर रेवाला रोज नव्यानं आशा वाटेल. काही दिवस खांद्याला खांदा लावून एका हाताची मिठी, पाठीवर थाप मारून, हा मध्यममार्ग बहुतेकांना झेपतो. तिसरं उत्तरही येतं आणि ते अनेकदा सर्वांत प्रामाणिक असतं: "माहीत नाही गं, मी असा विचारच केला नव्हता." याला पळवाट समजू नये. हात मनाच्या पुढे गेलेला असू शकतो. अशा वेळी त्याला महिनाभर अवधी द्यावा आणि त्या महिन्यात त्याच्या मिठ्या मोजणं बंद करावं.

राहता राहिला प्रश्न कधी विचारायचं याचा. रेवा मुख्य भूमिकेत आहे आणि तिच्यावर पडणारा प्रत्येक दिवा निहारच्या हातात आहे. प्राथमिक फेरी आठवड्यावर आली असेल, तर तिनं थोडा दम धरावा आणि पडदा पडल्यावर विचारावं. नाही म्हटलेला प्रकाशयोजनाकार आणि नकार पचवत असलेली नायिका यांच्यात भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर एखादा जरी क्यू चुकला, तरी दिग्दर्शक दोघांनाही माफ करणार नाही.